मीटरच्या चिठ्ठीचं इंग्रजी करण्याआधी

चिठ्ठी हातात आली की लगेच इंग्रजी लिहायला बसू नका. मी बसले होते. आमच्या विश्रामबागेत शेजारच्या घराच्या माडीवर केरळची एक नर्स भाड्याने राहायला आली. तिला मराठी वाचता येत नाही, खाली राहणाऱ्या घरमालक काकांचं इंग्रजी सहीपुरतं, म्हणून मध्ये मी. विजेचं बिल दोघांत कसं वाटायचं, ते काकांनी वहीच्या पानावर सहा ओळींत लिहिलं होतं, मी दहा मिनिटांत उरकलं. त्या दहा मिनिटांचे पहिल्याच महिन्यात ५७५ रुपये झाले, तेही त्या पोरीच्या पगारातून.

कागद-पेन घ्या हे सांगत नाही. चिठ्ठीबरोबर महावितरणचं मागच्या महिन्याचं बिल मात्र मागून घ्या. काका म्हणतील, त्यात काय बघायचंय? बघायचंय. मुख्य मीटर एकच असतो, बिल त्याचंच येतं. माडीवरचा सबमीटर काकांनी खाजगीत बसवलेला, तो वाचायला महावितरणचं कुणी येत नाही. म्हणजे चिठ्ठीत ‘मीटर’ एवढंच लिहिलं असेल तर तो कुठला, हे प्रत्येक ओळीला ठरवावं लागतं. इंग्रजीत नुसतं ‘मीटर’ लिहू नका. ‘मेन मीटर’ किंवा ‘सबमीटर’, दोन्हींपैकी एक.

सबमीटरचा फोटोही काढून आणा, आकड्यांसाठी. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी ४ तर इंग्रजी आठच. काकांच्या पिढीची माणसं एकाच ओळीत दोन्ही पद्धतीचे अंक लिहितात. त्यातून जुन्या फिरत्या आकड्यांच्या मीटरवर शेवटचा लाल आकडा दशांशाचा असतो, तो युनिटात धरायचा नसतो. चिठ्ठीत सुरुवातीचं रीडिंग ‘४१२६’ होतं आणि मीटरवर ४१२ च्या पुढे लाल ६. तसंच उतरवलं असतं तर पुढच्या महिन्याची वजाबाकी उणे आली असती. हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं, तेवढी मी शहाणी.

आता ‘वरचे’.

चिठ्ठीतल्या दोन ओळी अशा होत्या: ‘१०० युनिटपर्यंत दर कमी असतो. वरचे युनिट तुमचे, बाकीचे आमचे.’ मी वाचलं, शंभराच्या वरचे. वाचणारच की! घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना कमी, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त. आधीच्या ओळीत शंभराची गोष्ट, पुढच्या ओळीत ‘वरचे’. मी बिनदिक्कत ‘युनिट्स अबव्ह हंड्रेड आर युवर्स’ लिहून दिलं. काकांच्या मनात होते वर राहणाऱ्यांचे, म्हणजे सबमीटरवर पडलेले युनिट. शंभराची ओळ त्यांनी आपली ‘वीज जपून वापरा’ या अर्थाने लिहिली होती.

मराठीत दोन्हीला एकच शब्द, इंग्रजीत दोन. ‘अबव्ह’ लिहिलंत की एक अर्थ गेला, ‘अपस्टेअर्स’ लिहिलंत की दुसरा. म्हणून ‘वरचे’, ‘वरील’, ‘वर’, ‘वरून’ जिथे जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने गोल करा आणि काकांना तोंडी विचारा. ओळीच्या संदर्भावरून ठरवू नका, संदर्भानेच मला फसवलं. फोनवर विचारलंत तरी चालेल, पण विचारा.

किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. मुख्य मीटरवर २४० युनिट, बिल २७६० रुपये, म्हणजे सगळे आकार धरून युनिटला सरासरी साडेअकरा रुपये. सबमीटरवर ९० युनिट. काकांच्या अर्थाने तिचे ९० गुणिले साडेअकरा, १०३५ रुपये. माझ्या इंग्रजीप्रमाणे शंभराच्या वरचे १४० युनिट तिचे, १६१० रुपये. तिने १६१० भरले, निमूटपणे. पैसे काकांच्या मुलाच्या खात्यावर गेले, काकांना आकडा दिसलाच नाही. पुढच्या महिन्यात तिने जिन्यात गाठून विचारलं, चेची, मी तर दिवसभर ड्यूटीवर असते, एवढी वीज कोण वापरतं? काकांकडे गेले तर ते म्हणाले, “अवो ताई, वरचे म्हणजे वर राहणाऱ्यांचे की!” जादाचे पैसे त्यांनी पुढच्या हिशेबात वळते केले. मला मात्र महिनाभर त्या जिन्यातून जाताना लाज वाटायची.

म्हणून भाषांतर झालं की ते देण्याआधी त्या बिलाचे आकडे त्यात घालून बघा. आलेली रक्कम काकांना मराठीत सांगा: ‘तुमच्या चिठ्ठीप्रमाणे माडीवाल्यांचे १६१० होतात, बरोबर?’ शब्द चुकला तर माणूस मान डोलावतो, रक्कम चुकली की लगेच ‘छे छे’ म्हणतो. याच वेळी दर कसा काढायचा तेही विचारा. भाडेकरू हमखास म्हणणार, माझे ९० च युनिट, मग मला शंभराच्या आतला कमी दर का नाही? कारण मीटर एकच, दोन्ही घरांचा वापर एकत्र मोजला जातो आणि त्याने वरचा टप्पा गाठलेला असतो. (बघा, मीही ‘वरचा’ लिहिलं. इथे टप्पा आहे, माडी नाही.) काका एकूण बिल भागिले एकूण युनिट करतात, की ठरावीक दर घेतात, ते इंग्रजीत एका वाक्यात यायला हवं. चिठ्ठीत नसलं तर विचारून घाला आणि ‘तोंडी सांगितले’ अशी खूण करा. स्वतःच्या मनाने भरू नका.

क्रियापदं तपासा. ‘बिल ५ तारखेपर्यंत भरणे.’ कुणी? मराठीत चालतं, इंग्रजीत कर्ता लिहावाच लागतो, आणि महावितरणला उशीर झाला की विलंब आकार लागतो. ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’, की दोघं मिळून आपण, हेही विचारा. ‘आपण भरावे’ आणि ‘आपण भरू’ यात हजार रुपयांचा फरक असू शकतो.

थकबाकी: बिलात मागची रक्कम धरलेली असेल तर ती काढून भागाकार. तारखा: महावितरणचं रीडिंग आणि काकांचं एक तारखेचं रीडिंग एका दिवसाचं नसतं, तेवढं इंग्रजीत सांगून ठेवा, नाहीतर दर महिन्याला थोडा फरक दिसेल आणि भांडण तुमच्या दारात. सही, तारीख, दोन प्रती.

‘वरचे’ विचारलंत ना? मग मूळ चिठ्ठीवरच काकांच्या हाताने ते खोडून ‘माडीवरचे’ लिहून घ्या.