उलटी विधानं, फसवी सरासरी: सर्वेक्षणाच्या विदेत या चुका टाळा

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या सोयाबीन उत्पादकांचा पीक विम्यावर किती विश्वास आहे, हे मोजायचं आहे असं समजा. प्रश्नावलीत चार विधानं आहेत आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 5 म्हणजे पूर्ण सहमत, 1 म्हणजे अजिबात सहमत नाही.

पहिलं विधान: नुकसानीचा पंचनामा आमच्या गावात नीट होतो. दुसरं: विम्याची रक्कम वेळेवर खात्यात जमा होते. तिसरं: विमा भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. चौथं: तक्रार केली तरी कोणी दाद देत नाही.

पहिल्या दोन विधानांत जास्त गुण म्हणजे जास्त विश्वास, शेवटच्या दोनांत जास्त गुण म्हणजे कमी विश्वास. अशी उलटी विधानं मुद्दाम घालतात. न ऐकताच प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणणारा माणूस त्यामुळे उघडा पडतो. पण एक्सेलमध्ये चारही रकाने शेजारी शेजारी दिसतात आणि हात आपोआप सरासरीच्या सूत्राकडे जातो.

आता दोन शेतकरी घ्या. औशाच्या एकाचा विम्यावर चांगला विश्वास आहे, त्याचे गुण 5, 4, 1, 2. कळंबच्या दुसऱ्याला विम्याचं नाव काढलं तरी राग येतो, त्याचे गुण 1, 2, 5, 4. दोघांची बेरीज 12 आणि सरासरी 3. एक विम्याच्या बाजूने, दुसरा ठाम विरोधात, आणि तक्त्यात दोघेही ‘तटस्थ’. तिसऱ्या आणि चौथ्या विधानाचे गुण उलटले, म्हणजे 5 चा 1, 4 चा 2 आणि 1 चा 5, 2 चा 4 केला, की पहिल्याचे गुण 5, 4, 5, 4 होतात, सरासरी 4.5. दुसऱ्याचे 1, 2, 1, 2, सरासरी 1.5.

याहून वाईट तिसऱ्या माणसाचं. त्याला बाजाराला जायची घाई होती, म्हणून त्याने चारही ठिकाणी 5 सांगितले. त्याची सरासरी 5, म्हणजे तुमच्या यादीत सगळ्यांत जास्त विश्वास असलेला शेतकरी तोच. खरं तर त्याचं उत्तर बाजूला काढून तपासायला हवं होतं. उलटी विधानं ज्याला पकडायला घातली, तोच पहिला नंबर घेऊन जातो.

चूक ओळखायची कशी? पहिली खूण म्हणजे सगळ्या तालुक्यांच्या सरासऱ्या 3 च्या आसपास घुटमळतात, वयाने, जमिनीने, सिंचनाने कशानेच फरक पडत नाही. अहवालात मग ‘शेतकऱ्यांची भूमिका तटस्थ आढळली’ असं वाक्य जातं. हे वाक्य दिसलं की मी आधी विधानांची दिशा बघतो. उलटी विधानं निम्मी नसतील, सहात एकच असेल, तर फरक पूर्ण पुसला जात नाही, नुसता दबतो. तेव्हा चूक नजरेला दिसत नाही.

दुसरी खूण जास्त पक्की आहे. मूळ रकान्यांचा सहसंबंध काढा, म्हणजे एका विधानाचे गुण वाढले की दुसऱ्याचे वाढतात की घटतात ते बघा; वाढले तर आकडा धन, घटले तर ऋण. पहिलं विधान B रकान्यात, चौथं E मध्ये आणि 300 उत्तरं असतील तर:

```
=CORREL(B2:B301,E2:E301)
```

उत्तर स्पष्ट ऋण आलं आणि विधान वाचूनही उलटं वाटलं, तर ते उलटायचं. दोन्ही गोष्टी जुळायला हव्यात. आकडा शून्याच्या जवळ असेल तर तो दिशेचा प्रश्न नाही, विधानच वेगळं काहीतरी मोजतंय. तिसरं विधान घ्या. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याला विमा एका रुपयात होता, 2025 च्या खरिपात ती सवलत गेली. रुपयाच्या काळात ज्याचा विम्यावर काडीचा विश्वास नाही, तोही ‘पैसे पाण्यात’ला असहमत म्हणू शकतो, कारण पाण्यात जाणार तो एकच रुपया. असं विधान उलटून सुधारत नाही, त्याचा वेगळा तक्ता करावा.

सगळी विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का, हे सांगणारा आकडा म्हणजे क्रोनबाख अल्फा. तो काढणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. ‘हे विधान काढलं तर अल्फा वाढेल’ असं सॉफ्टवेअर दाखवतं आणि मंडळी ते विधान काढून टाकतात. उलटं विधान न उलटता ठेवलं की अल्फा घसरतो, कधी ऋणही होतो. आधी उलटा, मग अल्फा बघा, काढायचा विचार त्यानंतर.

उलटण्याचं गणित सोपं आहे: मापनश्रेणीतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा यांची बेरीज, वजा मिळालेला गुण. 1 ते 5 ला 6 मधून वजा करायचं, 0 ते 4 ला 4 मधून. घोळ रिकाम्या चौकटींचा होतो. एक्सेल रिकाम्या चौकटीला वजाबाकीत शून्य धरतं, म्हणून `=6-E2` लिहिलं तर उत्तर न देणाऱ्याच्या नावावर 6 गुण लागतात, जे श्रेणीतच नाहीत. ‘सांगता येत नाही’साठी 9 हा संकेतांक वापरला असेल तर उणे 3 मिळतात. त्यामुळे सूत्र असं ठेवा:

```
=IF(AND(E2>=1,E2<=5),6-E2,"")
```

हे सूत्र नव्या रकान्यात टाका, त्याला वेगळं नाव द्या आणि मूळ रकान्याला हात लावू नका. मूळ रकानाच बदलला, की काल एकाने उलटलेली विदा आज दुसरा पुन्हा उलटतो आणि सगळं होतं तिथे येतं. नवा रकाना तयार झाल्यावर किमान 1, कमाल 5 आहे का आणि पहिल्या विधानाशी सहसंबंध आता धन आला का, एवढं बघा.

मात्र एक बिघाड सूत्राने निघत नाही, तो शेताच्या बांधावरच झालेला असतो. चौथं विधान वाचून दाखवलं, ‘तक्रार केली तरी कोणी दाद देत नाही’. शेतकरी म्हणतो, “नाही ना, कुठं देतेत!” तो विधानाशी पूर्ण सहमत आहे, म्हणजे 5. पण माहिती भरणाऱ्या पोराच्या कानावर ‘नाही’ पडलं आणि त्याने 1 लिहिला. दुसरा एखादा जास्त शहाणा, तो मनातल्या मनात ‘हा विम्याच्या विरोधात आहे’ असं ठरवून 1 लिहितो. दोन्हीकडे गुण शेतातच उलटले. त्यावर तुम्ही सूत्र चालवलं की चुकीचा आकडा आणखी नेटाने चुकीच्या जागी बसतो.

हे शोधायला माहिती भरणाऱ्याप्रमाणे विदा वेगळी करा आणि प्रत्येकाच्या अर्जांत पहिल्या आणि चौथ्या विधानाचा मूळ सहसंबंध काढा. इतरांचा ऋण आणि एकाचाच धन असेल, तर त्याचे अर्ज बाहेर काढा. पाच-दहा अर्जांवर असा सहसंबंध काढण्यात अर्थ नाही, प्रत्येकाकडे निदान तीसेक हवेत. धन आकड्याचं कारण दोनांपैकी एक असू शकतं: पोराने गुण उलटे लिहिले किंवा सगळीकडे एकच आकडा भरला. दुसरं असेल तर ओळी वाचताच कळतं. पहिल्याचा संशय असेल तर त्यातल्या काही शेतकऱ्यांना फोन करून तेवढंच विधान पुन्हा विचारा. खात्री झाली नाही तर त्याच्या अर्जांतलं चौथं विधान सोडून द्या, अंदाजाने उलटू नका.

पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीत उलटं विधान ठेवा, पण त्यातून ‘नाही’ काढा. ‘तक्रार केली तरी कोणी दाद देत नाही’च्या जागी ‘तक्रार करणं म्हणजे हेलपाटे वाया घालवणं’ असं लिहा. त्यावर शेतकरी “नाही” म्हणाला, तर त्याचा एकच अर्थ निघतो.