अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन कोकणात विकताना: किंमत, गळती आणि पावसाळ्याचा हिशोब

माझं अ‍ॅप म्हणजे होमस्टेवाल्यांची वही. कुठली खोली कोणत्या तारखेला गेली, आगाऊ रक्कम किती आली, बिल किती झालं, एवढंच त्यात लिहायचं. गिऱ्हाईक मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला इथलं, दोन ते सहा खोल्यांचं. अ‍ॅप कसं बनवायचं आणि प्ले स्टोअरवर कसं चढवायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी फुकट काय आणि विकत काय ते ठरवा. इथे लोक डोळे झाकून 14 दिवसांची चाचणी ठेवायला सांगतात. आमच्याकडे मालक मंडळी निवांत असतात ती जून-जुलैत, आणि नवं अ‍ॅप तेव्हाच उतरवून बघतात. चाचणी संपते नारळी पौर्णिमेच्या आधी आणि पाहुण्यांची रीघ लागते दिवाळीला. म्हणजे अ‍ॅपचा उपयोग कळायच्या आतच आपण पैसे मागायला उभे. म्हणून मी दिवस मोजणं सोडलं आणि बुकिंग मोजायला लागलो. महिन्याला पाच बुकिंग कायमची फुकट, सहाव्याला पैसे. सहावं बुकिंग येतं तेव्हा मालकाच्या खिशात पाच बुकिंगचे पैसे आलेले असतात. एक मात्र करू नका: जुन्या नोंदी कुलूपबंद करून पैसे मागू नका. वही त्याची आहे.

कन्व्हर्जन मोजताना इन्स्टॉलने भागू नका. माझं अ‍ॅप खोली बुक करायचं समजून उतरवणारे पुण्या-मुंबईचे पर्यटक कमी नव्हते. ज्यांनी निदान तीन बुकिंग नोंदवली त्यांच्यातले किती जण पैसे देतात, तेवढंच बघा.

आता जिथे मी तोंडावर आपटलो ती पायरी. गिऱ्हाईक किती टिकतं आणि त्याच्याकडून एकूण किती येतं, म्हणजे एलटीव्ही. सगळीकडे एकच सूत्र सांगतात: दरमहा गळती, म्हणजे दर महिन्याला शेकडा किती गिऱ्हाइकं सोडून जातात ते काढा, एकाला तिने भागा, आले महिने, त्याला महिन्याच्या मिळकतीने गुणा. मी महिना 99 रुपये ठेवले होते. गुगल सबस्क्रिप्शनवर 15 टक्के कापतं, म्हणजे हातात 84. (जीएसटी नोंदणी असेल तर तो आधी वजा करा, हे विसरणारे खूप.) ऑक्टोबरात एकदम 100 जण मिळाले. नोव्हेंबरात 92 राहिले, डिसेंबरात 87, जानेवारीत 82. गळती दरमहा साधारण साडेसहा टक्के. म्हणजे पंधरा महिने, गुणिले 84, झाले 1,260 रुपये. मी खूश. एका पोराला मोटारसायकलवर गावोगाव पाठवलं आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे 500 रुपये देऊ केले. कागदावर दुपटीहून जास्त सुटत होते.

त्याच 100 जणांचं पुढे काय झालं बघा. फेब्रुवारीत 77, मार्चमध्ये 73, एप्रिलमध्ये 70, मे महिन्यात 68. आणि जूनमध्ये 31! जुलैत 22, ऑगस्टमध्ये 19, सप्टेंबरात 18. बाराही महिन्यांचे हप्ते मिळवले तर 739 भरतात, म्हणजे माणशी सात-साडेसात हप्ते, हातात सुमारे 620 रुपये. यातले 500 पोराला दिलेले. उरले 120, आणि त्यातच सर्व्हरचा खर्च.

सूत्र खोटं नाही, पण ते दर महिन्याची गळती सारखी आहे असं धरून चालतं. आमच्याकडे मे अखेरीस किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी थांबते, आणि खोल्यांवर ताडपत्री चढते. देवबागच्या एका काकींनी फोनवर मला सुनावलं, "पावसात पावणे खंय येतत? मगे पैशे कित्याक?" मी काय उत्तर देणार होतो! त्यातून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची सूचना निदान 24 तास आधी जाते. मासिक योजनेत ती वर्षातून बारा वेळा जाते. दर खेपेला तुम्ही गिऱ्हाइकाला विचारताय, "बंद करायचंय का?" जूनमध्ये तो हो म्हणतो.

म्हणून तीन महिन्यांच्या आकड्यांवर एलटीव्ही काढू नका. एका महिन्यात आलेल्यांची एक ओळ करा, पुढच्या प्रत्येक महिन्यात किती जणांनी खरोखर पैसे भरले ते लिहा आणि वर्ष पुरं होऊ द्या. पावसाळ्यात गेलेल्यांना लगेच गळतीत टाकू नका. त्या जून ते सप्टेंबरात माझे 50 गेले आणि पुढच्या ऑक्टोबरात त्यातले 26 परत आले. गेलेला कोण आणि झोपलेला कोण, हे दिवाळीनंतरच कळतं.

यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली सोपी: प्ले कन्सोलमध्ये सबस्क्रिप्शन काही काळ थांबवायची सोय चालू केली. तीन महिन्यांपर्यंत थांबवता येतं, म्हणजे जून ते ऑगस्ट नेमके बसतात. रद्द करायला आलेल्या माणसाला तो पर्याय दिसतो. खात्यात पैसे नसल्याने हप्ता चुकला तर काही दिवस सवलतीचा काळ मिळावा, तीही सोय तिथेच आहे, ती चालू ठेवा.

दुसरी म्हणजे वार्षिक योजना, 699 रुपयांची. हातात पहिल्याच दिवशी 594. मासिकवाला वर्षभर रडतखडत 620 देत होता, त्यामुळे फरक नगण्य आणि सूचना वर्षातून एकदाच. पण ही योजना कधी विकता याला महत्त्व आहे, आणि इथेही मी एकदा हात पोळून घेतला. धंदा नाही म्हणून जुलैत 399 ला वार्षिक सवलत काढली. बऱ्यापैकी खपली. पुढच्या जुलैत नूतनीकरणाची तारीख आली तेव्हा निम्म्यांच्या खात्यात पैसे नव्हते आणि उरलेल्यांना 699 बघून धक्का बसला. वार्षिक योजना डिसेंबरात किंवा मे महिन्याच्या सुरुवातीला विका, सहाव्या बुकिंगच्या पडद्यावरच विका, म्हणजे पुढच्या वर्षीची तारीखही गल्ला भरलेला असतानाच येते. पावसाळी सवलत काढायचीच तर मासिक योजनेवर काढा.

नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः निरोप धाडतो: "यंदा तुमच्या वहीत 143 बुकिंग झाली, 12 तारखेला 699 कापले जातील." बँकेची कोरडी सूचना त्यानंतर पोहोचते. कोणी त्यावरून रद्द केलं तर करू दे, नंतर पैसे परत मागून एक तारा देणाऱ्यापेक्षा ते परवडतं.

मोसमात वार्षिक घेतलेल्या पहिल्या 60 जणांपैकी 39 जणांनी दुसऱ्या वर्षीही पैसे भरले, म्हणजे 65 टक्के. दोन वर्षांचे मिळून माणशी 594 आणि त्यावर 386, एकूण 980. तिसरं वर्ष मी हिशोबात धरत नाही, कारण ते अजून मी पाहिलेलं नाही. मोटारसायकलवरच्या पोराला आता गिऱ्हाइकामागे 250 देतो, तेही वार्षिक योजना विकली तरच. पावसाळ्यात त्याला पाठवत नाही.