डिटेक्टरचा आकडा वाचण्याआधी शब्द मोजा

माझ्याकडे इंग्रजी निबंधलेखन शिकायला येणाऱ्या माण तालुक्यातल्या एका मुलीने शिष्यवृत्तीसाठी पाण्यावर निबंध लिहिला होता. मूळ निबंध 430 शब्दांचा होता, पण अर्जात ‘किमान 800 शब्द’ अशी अट होती. तिने दोन रात्री बसून तो वाढवला आणि पाठवला. आठवड्याने तो परत आला. लेखन माणसाचे की यंत्राचे हे ताडणाऱ्या एआय डिटेक्टरने जवळपास निम्मा निबंध यंत्राचा म्हणून रंगवला होता. ती रडतच माझ्याकडे आली, “सर, एक शब्दही मी कुठून घेतलेला नाही.” वहीतला कच्चा मसुदा तिच्याकडे होता. आम्ही दोघांनी रंगवलेली वाक्ये वहीशी ताडून पाहिली, तर बहुतेक सगळी वाढवलेल्या भागातली निघाली.

तेव्हापासून डिटेक्टरचा अहवाल हाती आला की मी काही गोष्टी ठरावीक क्रमाने तपासतो. शिक्षक, संपादक, स्पर्धेचे परीक्षक किंवा ज्याच्या लेखनावर शंका घेतली गेली आहे तो स्वतः, कुणालाही हे करता येईल.

आधी टक्के कशाचे ते पाहा

अहवालात ‘40 टक्के’ असे लिहिलेले असते, पण त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. टर्निटिनसारख्या साधनात तो मजकुराचा हिस्सा असतो: तपासलेल्या गद्यापैकी इतका भाग यंत्राने लिहिल्यासारखा वाटतो. दुसऱ्या काही साधनांत तो संपूर्ण मजकुराबद्दलचा अंदाज असतो: हा लेख यंत्राचा असण्याची शक्यता इतकी. पहिल्या प्रकारात मजकूर लांबवला की छेद बदलतो, म्हणून टक्केही बदलतात. दुसऱ्यात लांबी वाढली की अंदाजाला आधार मिळतो. साधनाच्या मदत पानावर हे लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणखी एक गल्लत मी वारंवार पाहतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांतली 10 टक्क्यांची मर्यादा वाङ्मयचौर्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाच्या संदर्भात आहे. ती एआयच्या टक्क्यांना लावता येत नाही.

मग शब्द मोजा

हिस्सा सांगणारा आकडा असेल, तर टक्क्यांची वाक्ये करून पाहा. 300 शब्दांच्या मजकुरातले 15 टक्के म्हणजे 45 शब्द, साधारण तीन वाक्ये. 1500 शब्दांच्या लेखात तेच 15 टक्के म्हणजे 225 शब्द, दोन भरगच्च परिच्छेद. आकडा एकच, पण पहिल्या ठिकाणी तीन सपक वाक्यांनी तो गाठला जातो.

म्हणूनच साधने बनवणारेही खालची मर्यादा घालतात. टर्निटिनने 2023 मध्ये सुरुवातीला 150 शब्द पुरेसे मानले होते, त्याच वर्षी ती अट 300 शब्दांवर नेली. पुढे 1 ते 19 टक्क्यांमधला नेमका आकडा दाखवणेही बंद केले, तिथे फक्त तारांकित खूण येते, कारण त्या पट्ट्यात निर्दोष लेखनावर ठपका बसण्याचा धोका जास्त असतो. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला, तेव्हा 1000 अक्षरांपेक्षा लहान मजकुरावर तो फारच बेभरवशाचा असल्याचे त्यांनीच सांगितले होते. जुलैमध्ये अचूकता कमी असल्याचे कारण देऊन तो मागे घेतला. तेव्हा तुमचा मजकूर साधनाच्या मर्यादेच्या जेमतेम वर असेल, तर आलेला आकडा पुरावा म्हणून वापरू नका. यादी, कविता, तक्ते हे टर्निटिनच्या मोजणीत धरले जात नाहीत. ते वगळून उरलेले शब्द मोजा.

लांबीने आकडा का हलतो, हे एकदा कागदावर करून पाहा

यासाठी डिटेक्टरांतल्या सगळ्यात उघड हिशेबाचा प्रकार घेऊ. मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये यंत्राच्या मजकुरात छुपी खूण ठेवण्याची एक पद्धत मांडली. यंत्र प्रत्येक शब्द निवडण्याआधी शब्दसंग्रहाचे ‘हिरवे’ आणि ‘लाल’ असे दोन गट पाडते आणि हिरव्याकडे थोडे झुकते. माणसाला हे गट ठाऊक नसतात. गट निम्मे-निम्मे असतील, तर त्याच्या लेखनात हिरवे शब्दही साधारण निम्मेच येतात. तपासणारा हिरवे शब्द मोजतो आणि ते निम्म्यापेक्षा किती जास्त आहेत हे या सूत्राने ठरवतो:

```
z = (G - T/2) / (0.5 * sqrt(T))
```

T म्हणजे एकूण शब्द, G म्हणजे हिरवे शब्द. (खरे तर यंत्र शब्दांचे तुकडे मोजते, पण आपल्याला शब्द धरले तरी चालेल.) z हा 4 च्या वर गेला, तर मजकूर यंत्राचा मानायचा.

समजा, यंत्राच्या 200 शब्दांत 130 हिरवे आहेत. निम्म्यापेक्षा 30 जास्त, म्हणून z आला 4.24. सापडला. आता तोच मजकूर कापून 100 शब्दांचा करा. हिरवे उरले 65. प्रमाण तेच 65 टक्के, पण z आला 3. सुटला. आता उलट करा: मूळ 200 शब्द तसेच ठेवून त्यात माणसाने लिहिलेले 200 शब्द घाला. हिरवे झाले 230, एकूण 400, आणि z पुन्हा 3. हाही सुटला. मात्र भर यंत्राचीच घातली असती, तर 400 पैकी 260 हिरवे होऊन z 6 वर गेला असता.

कापल्याने पुरावा कमी होतो आणि वेगळ्या जातीची भर घातल्याने तो पातळ होतो. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येऊन थांबल्या, पण कारणे वेगळी आहेत. नाणेफेकीत दहापैकी सात वेळा छापा पडला तर कुणी नाण्यावर संशय घेत नाही, हजारपैकी सातशे वेळा पडला तर घ्यायलाच हवा. तेच हे. बाजारातली बहुतेक साधने छुपी खूण शोधत नाहीत, वाक्यांची धाटणी पाहून अंदाज करतात. त्यांचे सूत्र असे उघड नसते, पण पुरावा कमी असला की अंदाज डळमळतो ही अडचण त्यांनाही चुकत नाही.

आता भर कसली आहे ते तपासा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्या मुलीचे नुकसान इथेच झाले. धाटणी पाहणारी साधने साधारणपणे पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे बघतात. तिच्या वहीत (इंग्रजीत होते, मी मराठीत सांगतो) असे होते: “मे महिन्यात टँकर चौथ्या दिवशी यायचा, म्हणून आजी हंड्यावर खडूने तारीख लिहायची आणि त्या तारखेआधी तो हंडा कुणी उघडायचा नाही.” ‘हंड्यावर’ नंतर ‘खडूने’ येईल हे कुणाला सुचेल? शब्दमर्यादा गाठण्यासाठी तिने सुरुवातीला घातलेले वाक्य असे: “आजच्या धावपळीच्या युगात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.” पहिले तीन शब्द वाचले की उरलेले वाक्य तुम्हीच पूर्ण कराल, आणि डिटेक्टरही करतो. आमटीत पाणी घालावे तशी अशी वाक्ये घातली, की माणसाने स्वतः लिहिलेला मजकूरही यंत्राचा दिसू लागतो. इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही, त्यांना हा फटका जास्त बसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये टोफेल परीक्षेसाठीचे 91 निबंध सात डिटेक्टरांतून काढले, तेव्हा माणसांनीच लिहिलेले हे निबंध सरासरी 61 टक्के वेळा यंत्राचे ठरवले गेले.

तपासायची रीत सोपी आहे. मजकुराच्या तीन प्रती करा. पहिली पूर्ण, दुसरीत पहिला आणि शेवटचा परिच्छेद काढलेला, तिसरीत फक्त प्रसंग, नावे आणि तपशील असलेले परिच्छेद ठेवलेले. तिन्ही एकाच दिवशी, एकाच साधनातून काढा आणि प्रत्येक आकड्याशेजारी शब्दसंख्या लिहा. प्रस्तावना आणि समारोपाच्या वाक्यांवर चुकीचा ठपका जास्त बसतो, हे टर्निटिननेही मान्य केले आहे. दुसऱ्या प्रतीत आकडा एकदम कोसळला, तर ठपका भरताडीवर होता असे समजायला जागा आहे. मात्र तिसरी प्रत 300 शब्दांखाली गेली, तर तिच्या आकड्यावरून काही ठरवू नका. तो मजकूर कमी पडल्यामुळेही खाली आलेला असू शकतो.

कात्री लावतानाही उलट्या दिशेने हेच होते. 1200 शब्दांचा लेख 800 वर आणायचा म्हटले, की लोक आधी आजीचा हंडा काढतात, कारण तो ‘अवांतर’ वाटतो, आणि मुद्द्याची गुळगुळीत वाक्ये ठेवतात. लेख आखूड होतो आणि जास्त साचेबद्धही. म्हणून कापायचेच असेल, तर वाक्यावर बोट ठेवून विचारा: हे दुसऱ्या कुणाच्या लेखात जसेच्या तसे चालले असते का? चालत असेल तर ते आधी काढा.

दोन लेखांची तुलना समान तुकड्यांनी करा

एकाच वर्गातल्या 450 आणि 1100 शब्दांच्या निबंधांचे टक्के शेजारी मांडून कोण संशयित ते ठरवणे चूक आहे. दोन्हींच्या मधल्या भागातून सलग 400 शब्द घ्या आणि ते तपासा. वाक्य मधेच तोडू नका, दहा-वीस शब्द इकडेतिकडे झाले तरी चालतील. मोठ्या लेखातून असे दोन तुकडे काढता येत असतील, तर दोन्ही तपासा. एकाच लेखाच्या दोन तुकड्यांचे आकडे फार दूर आले, तर या साधनाच्या या लांबीवरच्या आकड्याला किती धरून चालायचे हे तिथेच कळते. मराठी लेखनावर हे करताना त्या साधनाला मराठी येते का, हे आधी पाहा. येत नसेल तर आलेला आकडा टाकून द्या.

शब्दांची अट घालणाऱ्यांनाही माझे कळकळीचे सांगणे आहे. ‘किमान 800’ म्हटले, की ज्याच्याकडे 430 शब्दांचाच ऐवज आहे तो उरलेले 370 शब्द साच्यातून आणतो. ‘400 ते 600’ असा पट्टा द्या. खालची हद्द साधनाच्या मर्यादेच्या बरीच वर राहते आणि वरची हद्द फुगवायला जागा ठेवत नाही. आधीच किमान अट घातली असेल, तर लेख नाकारण्यापूर्वी कच्चा मसुदा मागवा.

त्या मुलीने तो स्वतःहूनच दिला. वहीच्या पानांचे फोटो, 430 शब्दांचा मूळ निबंध आणि वाढवलेली वाक्ये पेन्सिलीने खुणा केलेली प्रत, असे तिन्ही जोडून तिने फेरविचाराचा अर्ज दिला. समितीने तिला बोलावले आणि पहिला प्रश्न विचारला, हंड्यावरच्या तारखेचा. ती वीस मिनिटे बोलत होती.