श्रावणाचे शॉर्ट्स एका दिवसात

श्रावणातले शॉर्ट्स तारखेच्या क्रमाने शूट करताना निम्मा वेळ साड्या बदलण्यातच जायचा. आता स्क्रिप्ट वारानुसार लावते. आधी सगळे सोमवार सलग: पांढरी साडी, मागे पिंड आणि बेल. मग मंगळागौर, मग शुक्रवारची जिवती. एका वाराला एकच साडी, फक्त शाल आणि गजरा बदलायचा. अपलोडमध्ये आठवड्याचं अंतर असल्याने डोळ्यांना खटकत नाही.

बेल-फुलांचे भाग सकाळीच उरकते, कारण दुपारी लाइटखाली फुलं माना टाकतात. श्लोक, आरत्याही तेव्हाच. कहाण्या शेवटी, बसलेला आवाज कहाणीत चालून जातो, आरतीत नाही. आणि प्रत्येक क्लिपआधी पाटीवर तारीख लिहून कॅमेऱ्यासमोर धरते, नाहीतर एडिटिंगला सगळे सोमवार सारखेच दिसतात.