शेजारच्या पोळी-भाजी केंद्राचा अभ्यास करताना या चुका टाळा

मी पुण्यात पोळी-भाजी केंद्र सुरू केलं तेव्हा माझ्या गल्लीपासून पंधरा मिनिटांच्या अंतरात आधीच तीन केंद्रं होती. तिन्हीकडे जाऊन पाहिलं, भाव लिहून घेतले, आपला भाव त्याहून एक रुपया खाली लावला आणि अभ्यास झाला असं समजले. पुढचे तीन महिने गर्दी चांगली होती, गल्ल्यात मात्र काही उरत नव्हतं. चूक स्वयंपाकात नव्हती, पाहण्यात होती.

पहिली चूक वेळेची. मी तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी गेले, तेही दुपारी तीनला, कारण मला तेव्हा वेळ होता. दुपारी तीनला पोळी-भाजी केंद्रात काय दिसणार? एक कंटाळलेला मुलगा आणि झाकून ठेवलेली पातेली. या धंद्याचे दोनच खरे प्रहर. सकाळी आठ ते दहा डब्यांचे आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ घरी परतणाऱ्यांचे. नंतर मी एकेका केंद्रात तीन-तीन वेळा गेले. मंगळवारी संध्याकाळी सातला, शुक्रवारी रात्री सव्वाआठला आणि रविवारी संध्याकाळी. मंगळवारी सातला जिथे रांग होती, तिथेच शुक्रवारी सव्वाआठला ‘पोळ्या संपल्या’ अशी पाटी होती. ही पाटी दुपारच्या भेटीत मला कधीच दिसली नसती. मुद्दाम संकष्टी, एकादशी किंवा श्रावणातला दिवस निवडू नका. त्या दिवसांचा खप वेगळाच असतो आणि त्यावरून सबंध महिन्याचा अंदाज बांधला की फसायला होतं.

जाल तेव्हा गिऱ्हाईक म्हणून जा, विकत घ्या आणि गर्दीच्या वेळी काउंटर अडवून प्रश्न विचारत बसू नका. भाव पाटीवर लिहिलेलेच असतात, ते बाहेर येऊन वहीत उतरवता येतात. आतल्या स्वयंपाकघराचे चोरून फोटो काढायची काही गरज नाही. शिवाय त्यातून काही कळतही नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात महाग पडली: पाटीवरचा भाव म्हणजेच भाव समजणं. पहिल्या केंद्रात पोळी १० रुपयांना होती, दुसऱ्यात १३ ला. मी १० पाहून घाबरले आणि ९ लावले. वजनकाटा घरात होता, पण शेजाऱ्याच्या पोळ्या त्यावर ठेवायचं तेव्हा सुचलं नाही. तीन महिन्यांनी ठेवल्या. दहा रुपयांची पोळी सरासरी २८ ग्रॅमची निघाली, तेरा रुपयांची ४० ग्रॅमची. म्हणजे शंभर ग्रॅमला पहिला जवळजवळ ३६ रुपये घेत होता आणि दुसरा साडेबत्तीस. महाग वाटणारा दुसराच खरा स्वस्त होता. आणि मी? माझी पोळी ४२ ग्रॅमची, भाव ९ रुपये, म्हणजे शंभर ग्रॅमला साडेएकवीसही नाहीत. मी कोणाशीच स्पर्धा करत नव्हते, नुसती पोळ्या वाटत होते.

वजन करताना एकच पोळी काट्यावर ठेवू नका. लाटणाऱ्या हातानुसार दोन पोळ्यांत चार-पाच ग्रॅमचा फरक सहज पडतो. दहा घ्या, एकत्र वजन करा आणि दहाने भागा. घरी आल्या आल्या करा, कारण उघड्यावर राहिलेली पोळी सुकते आणि हलकी होते. भाजीसाठी आधी रिकाम्या डबीचं वजन वजा करायचं. डबीवर छापलेला २५० हा आकडा मिलिलिटरचा असतो, ग्रॅमचा नव्हे. फ्लॉवर-बटाट्यासारखी भाजी चाळणीत पाच मिनिटं निथळू दिली की फोडी किती आणि पाणी-तेल किती हे समोर येतं. पहिल्या केंद्राच्या २५० ग्रॅम भाजीत फोडी होत्या १६५ ग्रॅम, दुसऱ्याच्या २४० मध्ये २१५. उसळ मात्र अशी गाळून मोजू नका. उसळीला रस्सा हवाच, तिथे कडधान्य शिजलंय का आणि रस्सा पाणचट आहे का एवढंच बघायचं.

आणखी एक खोच. स्विगी-झोमॅटोवरचा भाव आणि काउंटरवरचा भाव यांची सरमिसळ करू नका. ॲपचं कमिशन भरून काढायला बरेच जण तिथे भाव चढे ठेवतात, पॅकिंगचे पैसे वेगळे लावतात. काउंटरशी काउंटर, ॲपशी ॲप.

तिसरी चूक रिव्ह्यूंची. इथे सगळे तारे बघतात आणि पुढे जातात. ४.३ आणि ४.१ यांतून धंद्याला उपयोगी असं काहीही कळत नाही. मी गूगल मॅप्सवर `Newest` असा क्रम लावला आणि पहिल्या केंद्राचे गेल्या वर्षभरातले साठ रिव्ह्यू एका रविवारी बसून वाचले. वहीत चार रकाने केले: चव, तेल, पोळ्या संपणं, वागणूक. दोन आणि तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचा. एक तारा देणारा बहुधा रागात असतो, पाच देणारा घाईत किंवा नातेवाईक. मधले लोक नेमकं काय खटकलं ते लिहितात.

साठांपैकी अकरा जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली होती: ऑफिसातून येईपर्यंत पोळ्या संपलेल्या असतात. नऊ जणांची तक्रार तेलाची. चवीबद्दल फक्त चौघं कुरकुरले होते. मी मात्र तोवर चवीवरच जीव टाकत होते. गूगल ‘दोन महिन्यांपूर्वी’ एवढंच दाखवतं, वार आणि वेळ दाखवत नाही, त्यामुळे ‘आठ वाजता गेलो’ असं मजकुरातच आलं असेल तरच ते धरा. ‘जेवण गार आलं, तासभर उशीर’ ही तक्रार पुष्कळदा डिलिव्हरीची असते. ती स्वयंपाकघराच्या नावावर टाकलीत तर तुमचं निदान चुकेल. एकाच दोन दिवसांत आलेले, एकाच वाक्यरचनेचे आणि आधी कुठेच काही न लिहिलेल्या खात्यांवरचे पाच-पाच तारे मोजणीतून सरळ वगळा.

शेजाऱ्याला खोटा वाईट रिव्ह्यू टाकायचा किंवा स्वतःला भाचेकंपनीकडून चांगले टाकून घ्यायचे, हे करणारे माझ्या ओळखीत आहेत. ग्राहकांच्या ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानकच काढलं आहे, तेव्हा हा प्रकार नुसत्या खोडीत जमा होत नाही. आणि समजा पकडले नाही गेलात, तरी आपलेच खोटे तारे मोजून आपल्यालाच काय कळणार?

आता माझी खरी लाज वाटणारी गोष्ट. घरगुती कार्यांच्या ऑर्डरचा भाव पाटीवर नसतो. तो काढायला मी भाचीला दुसऱ्या केंद्रात फोन करायला लावला: मुंज आहे, ऐंशी पानं, काय भाव द्याल? त्या काकांनी भाव सांगितला, मेनू सांगितला आणि ती तारीख आमच्यासाठी राखूनही ठेवली. आठवड्याने भाजी मंडईत भेटले तेव्हा मला म्हणाले, “वहिनी, एका मुंजीसाठी त्या दिवसाची दुसरी ऑर्डर सोडली, आणि लोक फोनच उचलत नाहीत.” मी तिथेच सांगून टाकलं. ते बराच वेळ मेथीच्या जुड्या निवडत राहिले, मग म्हणाले, “मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं की.”

खोटं गिऱ्हाईक बनून कोटेशन काढू नका. समोरच्याचा वेळ आणि तारीख दोन्ही जातात. त्यांच्याकडून सुटून आलेल्या पोळीवाल्या मावशींना कामावर घेतलंत तर तिथला मसाला, तिथली गिऱ्हाइकं यांची चौकशी करू नका. जी उद्या तिथलं इथे सांगेल, ती परवा इथलंही कुठेतरी सांगेल.

त्या दिवसानंतर मी काकांना सरळ विचारायला लागले. सगळं सांगत नसत, पण आठनंतर त्यांच्याकडेही पोळ्या का नसतात ते त्यांनी सांगितलं. लाटणाऱ्या मावशी साडेसातला घरी जातात, त्यांना त्यांच्या घरचा स्वयंपाक असतो. दुसरी बाई ठेवली तर शेवटच्या तासात किती खपेल याचा भरवसा नाही, उरलेल्या पोळ्या सकाळी विकता येत नाहीत. बोलता बोलता त्यांनी असंही सुचवलं, “दोघंही पोळी पंधराला करू या.” त्याला मात्र मी नाही म्हटलं. स्पर्धकाचा भाव पाहून आपला ठरवणं वेगळं आणि दोघांनी बसून भाव बांधणं वेगळं. दुसरी गोष्ट २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही.

चौथी चूक इथेच होते. फट दिसली की लोक लगेच त्यात उडी मारतात. ती मोकळी का राहिली हे आधी बघा. मी हिशोब मांडला. आठ ते सव्वानऊमध्ये साठ पोळ्या, १३ रुपयांनी ७८०. (तोवर मी भाव १३ केला होता.) कणीक, तेल, गॅस आणि कागद मिळून पोळीला साडेचार, म्हणजे २७०. उशिरा थांबणाऱ्या बाईंचे २५०. सगळ्या खपल्या तर उरतात २६०. वीस पोळ्या उरल्या की तेही शून्य. काकांनी ही फट आळसाने सोडलेली नव्हती, त्यांचा हिशोब बरोबर होता.

मी त्यात एकच बदल केला. आठनंतरच्या पोळ्या संध्याकाळी सहाच्या आत व्हॉट्सॲपवर सांगणाऱ्यांनाच, वर फक्त दहा पोळ्या जादा. पंधरा दिवस हेच करून पाहिलं आणि रोज उरलेल्या पोळ्या लिहून ठेवल्या. पहिल्या आठवड्यात दोनदा बारा उरल्या, कारण सांगून लोक आले नाहीत. मग सांगतानाच पैसे यूपीआयवर घ्यायला लागले. दुसऱ्या आठवड्यात आठच्या वर कधी गेल्या नाहीत, तेव्हा बाईंना महिन्याचं काम दिलं.

दुसरी एक फट मी तशीच सोडली. ज्वारीची भाकरी कोणीच ठेवत नाही हे तिन्हीकडे दिसत होतं आणि मला मोह झाला होता. पण साठ रिव्ह्यूंत भाकरीचं नाव दोनदाच होतं, आणि थापून ठेवलेली भाकरी दोन तासांत कडक होते. मागेल त्याला गरम थापून द्यायची तर एक हात आणि एक तवा कायमचा अडकतो.

वहीतली वजनं दर तीन महिन्यांनी नव्याने करते. तेलाचा भाव वाढला की पाटीवरचा आकडा सहसा हलत नाही, पोळी लहान होते. गेल्या खेपेला पहिल्या केंद्राच्या दहा पोळ्या काट्यावर ठेवल्या तर २५० ग्रॅम भरल्या. पाटीवर अजून दहाच रुपये आहेत.