काचेवरची उलटी अक्षरं: फोटो फिरवण्याआधी शिरोरेषा बघा

साताऱ्यात राजपथावरच्या दुकानात आतून फोटो काढला, की काचेच्या दारावरचं ‘कंदी पेढे’ उजवीकडून डावीकडे दिसतं. ‘दी’ची दीर्घ वेलांटी डाव्या बाजूला जाते, त्यामुळे ती ऱ्हस्व वाटते. मग आपण अख्खा फोटो आडवा पालटतो. दारावरचं नाव सरळ होतं, पण समोरच्या दुकानाची पाटी, जी आधी नीट वाचता येत होती, ती उलटी होते. काचेवरची अक्षरं आपण मागून बघत होतो आणि रस्त्यावरची पुढून, म्हणून एकाच फोटोत दोन्ही सरळ येणार नाहीत. मूळ फोटो तसाच ठेवा. त्याची प्रत काढून दारापुरता भाग कापा आणि तेवढाच पालटा. दुकानाच्या जाहिरातीसाठी फोटो हवा असेल तर मात्र सरळ बाहेर जाऊन काढा.

पावसाळ्यात डबक्यात पडलेल्या पाटीच्या प्रतिबिंबाची गोष्ट वेगळी. तिथे शिरोरेषा खाली जाते, पण काना अक्षराच्या उजवीकडेच राहतो. बरेच जण इथे फोटो अर्धा फेरा फिरवतात. शिरोरेषा वर येते खरी, पण काना डावीकडे जातो आणि पाटी वाचता येत नाही. इथे फोटो वरून खाली, म्हणजे उभा पालटायचा. शिरोरेषा खाली आणि कानाही डावीकडे दिसला, तर फोटोच उलटा धरला गेलाय. तेव्हाच अर्धा फेरा द्यायचा.