मुलगा, बालक, अल्पवयीन की अज्ञान? या चुका टाळा

वयाने लहान असलेल्या व्यक्तीसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. मूल, मुलगा, बालक, किशोर, अल्पवयीन, अज्ञान, पाल्य, अपत्य, पोरगा, लेकरू हे सगळे शब्द एकाच व्यक्तीला लागू पडू शकतात, आणि त्यामुळेच लिहिताना गफलत होते. बातमीत शोभणारा शब्द नोटिशीत अपुरा पडतो आणि नोटिशीतला शब्द बोलण्यात चक्क अपमानास्पद वाटतो. सतरा वर्षांचा एकच मुलगा तिन्ही ठिकाणी आला, तर त्याला काय म्हणावे, हे पाहू.

बातमीत

समजा, दुचाकी चोरीच्या संशयावरून पोलिसांनी या मुलाला पकडले आहे आणि बातमीचा पहिला खर्डा असा आला आहे : ‘दुचाकी चोरणाऱ्या सतरा वर्षीय तरुणाला अटक, सराईत बालगुन्हेगार गजाआड.’ या एका ओळीत चार चुका आहेत.

पहिली चूक ‘तरुण’ या शब्दाची. बोलताना आपण सतरा वर्षांच्या मुलाला तरुण म्हणतो, पण बातमीत ‘तरुण’ किंवा ‘युवक’ वाचले की वाचक ती व्यक्ती सज्ञान असल्याचे गृहीत धरतो. दुसरी चूक ‘बालगुन्हेगार’ ही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक ठरते आणि गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या बालकासाठी मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा रूढ आहे. ती जड आहे, हे मान्य करावे लागते. परंतु ती मुलाने गुन्हा केलाच असे म्हणत नाही, केवळ त्याचा कायद्याशी संघर्ष झाल्याचे सांगते, आणि नेमका हाच फरक ‘बालगुन्हेगार’ पुसून टाकतो. याच कायद्याच्या मूलभूत तत्त्वांमध्ये बालकाविषयीच्या कार्यवाहीत आरोप लादणारे शब्द वापरू नयेत, असे सांगितले आहे. ‘सराईत’ या विशेषणालाही त्यामुळे इथे जागा नाही.

तिसरी चूक ‘अटक’ आणि ‘गजाआड’ या शब्दांची. बालकाला ‘ताब्यात घेतले’ असे लिहावे; त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर केले जाते आणि चौकशीच्या काळात ठेवायचे झाल्यास निरीक्षणगृहात ठेवले जाते, कोठडीत किंवा तुरुंगात नव्हे. चौथी चूक ‘चोरणाऱ्या’ या शब्दात दडली आहे, कारण तो शब्द आरोप सिद्ध झाल्यासारखा बोलतो.

सुधारलेली बातमी अशी होईल : ‘दुचाकी चोरीच्या संशयावरून एका विधिसंघर्षग्रस्त बालकाला पोलिसांनी ताब्यात घेतले असून त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करण्यात आले.’ मथळ्यात एवढी जागा मिळत नाही, तिथे ‘अल्पवयीन मुलगा ताब्यात’ एवढे पुरते. ‘अल्पवयीन बालक’ मात्र लिहू नये, कारण बालक अल्पवयीनच असतो. ‘अल्पवयीन मुलगा’ या शब्दप्रयोगात पुनरुक्ती नाही. ‘मुलगा’ हा शब्द वयाबरोबर नातेही सांगतो, आणि चाळिशीतला गृहस्थही आपल्या आईवडिलांचा मुलगाच असतो.

शब्द अचूक निवडूनही बातमी चुकू शकते. मुलाचे नाव वगळले, पण वडिलांचे नाव, शाळा आणि वस्ती दिली, तर परिसरातला प्रत्येक जण त्याला ओळखतो. अशी ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय घटनेच्या दिवशी सतरा वर्षांचा असलेला मुलगा बातमी लिहिण्याच्या दिवशी अठरा वर्षांचा झालेला असला, तरी त्या प्रकरणापुरता तो बालकच धरला जातो. म्हणून वय विचारताना ‘आज किती’ असे न विचारता ‘घटनेच्या दिवशी किती’ असे विचारावे.

भावनेच्या भरात उलट दिशेनेही घसरण होते. अपघातात जखमी झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला ‘चिमुकला’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे तीन-चार वर्षांचे मूल उभे राहते. तिथे वय सांगून ‘मुलगा’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते.

नोटिशीत

आता याच मुलाचे वडील वारले आहेत आणि मिळकतीविषयी जाहीर नोटीस द्यायची आहे, असे समजू. खर्ड्यात लिहिले आहे : ‘मयतास वारस म्हणून पत्नी व दोन अल्पवयीन मुले आहेत.’ वाचायला हे वाक्य सरळ वाटते; तरी ते दोन ठिकाणी अडवते. ‘मुले’ म्हणजे दोन मुलगे, की एक मुलगा आणि एक मुलगी, हे त्यातून कळत नाही. मराठीत ‘मूल’ आणि ‘मुलगा’ या दोन्हींची रूपे ‘मुलांना’, ‘मुलांचा’ अशी एकच होत असल्याने पुढील वाक्यांतही हा गोंधळ निस्तरत नाही. वारसांच्या बाबतीत मुलीचा हक्क शब्दाच्या आड जाऊ देणे ही गंभीर चूक आहे. एकत्रित उल्लेख हवा असेल तर ‘अपत्ये’ लिहावे, अन्यथा प्रत्येकाचे नाते वेगळे नोंदवावे.

दुसरी अडचण ‘अल्पवयीन’ या शब्दाची. तो चूक नाही, पण मालमत्तेच्या कागदपत्रांत रुळलेला शब्द ‘अज्ञान’ हा आहे आणि त्याच्या विरुद्ध ‘सज्ञान’. सातबारावर दिसणारी ‘अ.पा.क.’ ही अक्षरे म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’ याचेच संक्षिप्त रूप. त्यामुळे नोटिशीत ‘मुलगा, अज्ञान, तर्फे पालनकर्ती आई’ असे लिहिले की मालकी मुलाची आहे आणि त्याच्या वतीने वागणारी व्यक्ती आई आहे, या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. ‘तर्फे’ गाळून केवळ आईचे नाव लिहिल्यास आईच मालक असल्याचा समज होतो.

वयाचा आकडा लिहून थांबणे हीदेखील नेहमीची चूक आहे. ‘वय १७’ हे सहा महिन्यांनी खोटे ठरू शकते, म्हणून जन्मतारीख नोंदवावी. मुलगा सज्ञान कधी होतो, हे त्यावरूनच ठरते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ लागू असेल, तर अज्ञानाची स्वतःची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. अशी विक्री पुढे मुलाच्या मागणीवरून रद्द ठरू शकते. खरेदीदार नोटिशीत ‘अज्ञान’ हा शब्द शोधतो, तो याच कारणाने. मुलगा सज्ञान झाल्यावर सातबारावरील हा शेरा वयाचा पुरावा जोडून अर्ज करून कमी करून घ्यावा लागतो.

अठरा ही सीमा सर्वत्र सारखी मानू नये. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ मध्ये एकवीस वर्षे पूर्ण न केलेला मुलगाही ‘बालक’ ठरतो, तर बालमजुरीविषयीच्या कायद्यात चौदा वर्षांखालील ते बालक आणि चौदा ते अठरा वर्षांमधील ते किशोरवयीन. नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे, हे पाहूनच शब्द घ्यावा.

बोलताना

याच मुलाच्या घरी भेटायला गेल्यावर ‘तुमचा मुलगा अजून अज्ञान आहे ना?’ असे कोणी विचारू नये. तिथे तो शब्द अक्कल काढल्यासारखा ऐकू येतो. ‘लहान आहे ना अजून?’ एवढे पुरे. ‘पोरगा’ आणि ‘पोरं’ हे शब्द ओळखीच्या माणसांत मोकळेपणाने चालतात, पण ‘पोरगं’ किंवा ‘कार्टं’ असे नपुंसकलिंगी रूप आले की जपावे. आई स्वतःच्या मुलाला ‘कार्टं ऐकतच नाही’ म्हणते त्यात माया असते. पाहुण्याने तेच म्हटले की तो त्या घराचा अपमान होतो. परक्याच्या मुलाविषयी ‘तुमचा मुलगा’ आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘आपले चिरंजीव’ हे निर्धोक आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आजीने ‘बाळा’ म्हणून हाक मारली तर त्याला ती आवडेल, पण त्याच्या मित्रांसमोर तोच शब्द आपण वापरू नये; नावाने हाक मारावी.